अरेका पामची टोकं तपकिरी: हवा कोरडी, पाणी वाईट, ऊन की कुंडी?

रोहिणी_राजारामपुरी

मंडळी, हॉलमधल्या अरेका पामबद्दल विचारायचंय. झाड साडेचार फूट, १२ इंची प्लॅस्टिकची कुंडी, पश्चिमेच्या स्लायडिंगपासून अडीच फुटांवर. समोरच्या भिंतीवर एसी आहे, मार्च लागल्यापासून दुपारी चालू असतो.

फोटो टाकलेत, तरी शब्दांत सांगते. खालच्या जुन्या झावळ्यांच्या जवळजवळ प्रत्येक पातीचं टोक इंच-दीड इंच तपकिरी झालंय, आणि तपकिरी-हिरव्याच्या मध्ये पिवळसर पट्टा दिसतो. वरच्या दोन नव्या झावळ्यांची टोकं मात्र अगदी थोडी, नखाएवढीच करपलीत. खिडकीकडच्या बाजूला दोन झावळ्यांवर पांढुरके, वाळल्या गवताच्या रंगाचे डाग आहेत. ते टोकाला नाहीत, मधोमध आहेत.

पाणी एक दिवसाआड लिटरभर घालते. ओतलं की लगेच ताटलीत उतरतं. पाणी नळाचंच, पण उन्हाळ्यात सोसायटी टाकीत बोअरचं मिसळते. खत म्हणून महिन्याला मूठभर शेणखत आणि एक चमचा सिंगल सुपर फॉस्फेट.

नेटवर वाचलं तर सगळे फ्लोराइड म्हणतात. आरओचं पाणी द्यायला लागू का? आणि तपकिरी झावळ्या कापून टाकू का?

संकेत_५५

शंभर टक्के फ्लोराइड. अरेका, ड्रसीना, स्पायडर प्लांट या तिघांना फ्लोराइड चालतच नाही. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवा, सकाळी घाला. फ्लोराइड उडून जातं. घाई असेल तर उकळून गार करून घाला.

भाऊ_मिरजकर_तिकटी

ते फ्लोराइड-बिराइड राहू दे हो ताई. बोअरचं पाणी बंद करा पहिलं. आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरी पुटं चढतात, झाडाचं काय होत असंल? आणि सकाळ-संध्याकाळ फवाऱ्यानं पानं भिजवा, लई टवटवीत ऱ्हातंय.

करवीर_हिरवळ

रोहिणीताई, तुम्ही लिहिलेल्यातच निम्मं उत्तर आहे. तुमच्या झाडाला एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत. सगळं "तपकिरी" या एका खात्यात टाकलं तर उपायही एकच शोधला जातो.

मधोमध असलेले पांढुरके डाग, तेही फक्त खिडकीच्या बाजूला, हे ऊन. पश्चिमेचं मार्चचं दुपारचं ऊन काचेतून थेट पातीवर पडतं आणि तेवढाच भाग भाजतो. याचा पाण्याशी किंवा खताशी संबंध नाही. क्षारांनी झालेलं नुकसान एक बाजू निवडत नाही. डाग पडलेला भाग पुन्हा हिरवा होणार नाही, पण पसरणारही नाही. पातळ पांढरा पडदा लावा किंवा कुंडी खिडकीपासून पाचेक फूट आत घ्या. काळोख्या कोपऱ्यात मात्र नेऊ नका.

नव्या झावळ्यांची नखाएवढी, कुरकुरीत, पिवळ्या पट्ट्याशिवायची टोकं हे बहुतेक कोरड्या हवेचं आणि एसीच्या झोताचं काम.

जुन्या झावळ्यांची इंच-दीड इंच टोकं, मध्ये पिवळा पट्टा, हे क्षार साठल्याचं लक्षण. फ्लोराइड हा त्यातलाच एक. पाती पाणी बाहेर टाकते, पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र टोकाशीच अडकून पडतात. झावळी जितकी जुनी तितका साठा जास्त, म्हणून खालची आधी जळते.

आता "ओतलं की लगेच ताटलीत येतं" हे वाक्य. माझ्या मते मुख्य मुद्दा हाच आहे. कुंडी मुळांनी भरलीये. पाणी गोळ्याच्या आत न शिरता कुंडीच्या कडेनं घसरतंय. आतली माती कोरडी राहते, क्षार धुतले जात नाहीत, आणि वरून तुम्हाला वाटतं की पाणी भरपूर दिलं.

संकेत, रात्रभर ठेवल्यानं क्लोरीन जातो, फ्लोराइड जात नाही. उकळल्यानं तर पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे तीव्रता वाढते. नाव बरोबर घेतलंत, उपाय उलटा आहे.

वेंगुर्ल्याचा_दादा

आमच्या बागेत पावसाळ्यात हाच प्रकार होतो. घोसाला कोळेरोग लागला की फळं गळतात. एक टक्का बोर्डो मिश्रण मृगाच्या आधी फवारा आणि ४० दिवसांनी परत. घोसावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी चालतं.

करवीर_हिरवळ

दादा, तुमचं अरेका म्हणजे सुपारीचं झाड. इथं चाललंय ते शोभेचं, मूळचं मादागास्करचं. हॉलमध्ये बोर्डो फवारलं तर सोफा निळा होईल. 😀

वेंगुर्ल्याचा_दादा

अरेच्चा, अरेका वाचलं आणि सुटलो. चालू द्या.

संकेत_५५

बरं, उडून जात नाही हे मान्य. पण फ्लोराइड आहे हे तर तुम्हीही म्हणताय ना? मग आरओचं पाणी दिलं की प्रश्नच संपला.

करवीर_हिरवळ

फ्लोराइडचा उगम कुठं आहे ते बघा. परदेशातल्या लेखांत नळाच्या पाण्याला दोष देतात कारण तिकडे बऱ्याच शहरांत दातांसाठी नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालतात. आपल्याकडे तसं घालत नाहीत. आपल्याकडे ते येतं ते जमिनीतून, बोअरच्या पाण्यात. चंद्रपूर, यवतमाळकडे त्याचा मोठा प्रश्न आहे. कोल्हापूरला नळाला येतं ते धरणा-नदीचं पाणी, पंचगंगा असो की काळम्मावाडीच्या पाइपलाइनचं. त्या पाण्यानं अरेकाची टोकं जळतील असं मला वाटत नाही.

ताईंच्या कुंडीत फ्लोराइड शिरायची ठळक वाट आहे तो महिन्याचा चमचा. सिंगल सुपर फॉस्फेट खडक-फॉस्फेटपासून बनतं आणि त्या खडकात मुळातच फ्लोराइड असतं. तयार खतात ते टक्का-दीड टक्का उरतं. शेतात पावसानं, पाटाच्या पाण्यानं पांगतं; १२ इंची बंद कुंडीत जाणार कुठं? हाडांच्या चुऱ्यातही थोडं असतं. म्हणजे एका हातानं आरओचं महागडं पाणी आणि दुसऱ्या हातानं सुपर फॉस्फेट, असला खेळ होतो. खत थांबवा. अरेकाला स्फुरद मुळात फारसं लागत नाही.

रोहिणी_राजारामपुरी

अरे बापरे. ते मुळं वाढतात म्हणून एका व्हिडिओत सांगितलं होतं. आजच बंद.

पण क्षार साठलेत हे नक्की कसं कळणार? घरात आरओवाल्यानं दिलेला टीडीएस पेन आहे. त्यानं काही समजेल का?

करवीर_हिरवळ

समजेल, अर्धवट का होईना. टीडीएस पेन एकूण क्षार सांगतो, त्यातलं फ्लोराइड किती ते सांगत नाही. तरी एकूण आकडा पुरे.

पद्धत अशी. आधी नेहमीसारखं पाणी घालून कुंडी भिजवा आणि तासभर थांबा. ताटली रिकामी करून पुसून ठेवा. मग आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी साधारण २०० मिली मातीवर सगळीकडे फिरवून हळूहळू ओता. खाली जे पहिलं पाणी येईल ते वाटीत धरा आणि त्यात पेन बुडवा. सोबत नळाचं, बोअरचं पाणीही वेगवेगळं मोजा.

माझा ठोकताळा: निचऱ्याचं पाणी हजारच्या आत असेल तर क्षारांवर फार संशय घेऊ नका. दीड हजाराच्या वर असेल तर टोकं जळणारच.

एक धोका मात्र लक्षात घ्या. तुमच्या कुंडीत पाणी कडेनं घसरतंय, त्यामुळे आकडा फसवा कमी येईल. म्हणून दोनदा मोजा. एकदा असंच, आणि एकदा कुंडी बुडवून काढल्यावर. बुडवायची म्हणजे टबात पाणी घेऊन कुंडीच्या काठाच्या दोन बोटं खालपर्यंत अर्धा तास ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग निथळू द्या, तासाभरानं वरची कृती करा.

नीलिमा_ताराबाई_पार्क

मध्येच विचारते, माझ्याही अरेकाला हेच झालंय. ऑफिसमध्ये रिसेप्शनच्या कोपऱ्यात आहे, खिडकी लांब. खालच्या झावळ्या आख्ख्या पिवळ्या होऊन वाळतात, नवीन येतच नाही. माती कायम ओली असते. मीही कुंडी टबात बुडवू का?

करवीर_हिरवळ

नीलिमाताई, अजिबात नको. तुमचं दुखणं बरोबर उलटं आहे. रोहिणीताईंचं टोक जळतंय, तुमची झावळी आख्खी पिवळी होतेय, आणि माती सुकत नाही. म्हणजे उजेड कमी. कमी उजेडात झाड पाणी ओढत नाही, ओल साचते, मुळं कुजतात. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप टाका आणि दुपारी बाराच्या सुमाराला झाडाच्या शेंड्याजवळ धरा. फोनगणिक आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण ३००-४०० च्या आसपास दाखवत असेल तर ती जागा अरेकाची नाही. दोन हजाराच्या पुढे मिळेल अशा खिडकीजवळ न्या आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागेपर्यंत पाणी थांबवा.

मुळं कुजलीत का ते बघायचं तर कुंडी आडवी करून गोळा थोडा बाहेर ओढा. निरोगी मूळ पांढुरकं-पिवळसर आणि टणक असतं. कुजलेलं काळपट, आणि चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते, आत दोरा उरतो.

रोहिणी_राजारामपुरी

मोजलं. नळ ११०. सोसायटीच्या बोअरचं थेट घेतलेलं ७६०. कुंडीचं पहिलं, म्हणजे न बुडवता: ६४०. कुंडी बुडवून निथळल्यावर: २,१४०!

आणि कुंडीच्या काठाला आतून पिवळट-पांढरा थर आहे, नखानं खरवडला तर पावडर निघते. खालच्या भोकांतून मुळांची जाळी बाहेर आलीये, एक मूळ तर ताटलीभर गोल फिरलंय.

भाऊ_मिरजकर_तिकटी

सांगितलं हुतं न्हवं, बोअर!

करवीर_हिरवळ

भाऊ, बोअरचा वाटा आहेच, ७६० काही कमी नाही. पण एकटं बोअर नाही. बोअर, खत आणि धुतलं न जाणं, तिन्ही मिळून २,१४० झालंय.

६४० आणि २,१४० मधला फरक बघा. बुडवलं नसतं तर आपण "क्षार नाहीत" म्हणून हवेला दोष देऊन मोकळे झालो असतो. मुळांनी भरलेल्या कुंडीत वरून कितीही पाणी ओतून क्षार धुवायला गेलात तर ते कडेनंच निघून जातं. म्हणून इथं आधी कुंडी बदलायची आणि मग धुवायचं. भुसभुशीत कुंडी असती तर उलटं केलं असतं: कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी, म्हणजे १२ इंचीला २५-३० लिटर, नळाचं, तीन-चार टप्प्यांत, मध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबत.

शिरोळ_रोपवाटिका

सगळं पटलं, पण आत्ता कुंडी बदलायला माझा विरोध आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात अरेकाची मुळं हलवली की झाड महिना-दोन महिने रुसतं, आणखी टोकं जळतात. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले की बदला. तोवर दर आठवड्याला बुडवून काढा आणि बुडवलेलं पाणी फेकून द्या. बुडवून काढल्यानंही बरेच क्षार निघतात.

दुसरं, पोटॅशचं कुणी बोललं नाही. जुन्या झावळीचं टोक जळणं हे पोटॅश कमी पडल्याचंही लक्षण आहे. पामांना पोटॅश फार लागतं. झाड ते जुन्या झावळीतून काढून नव्या झावळीला देतं, म्हणून जुनीच आधी दिसते.

करवीर_हिरवळ

पोटॅशचं म्हणणं रास्त आहे, माझ्याकडून राहिलं. फरक सांगायचा तर पोटॅश कमी असेल तेव्हा बहुतेकदा जुन्या झावळीवर उजेडात धरल्यावर बारीक पिवळे-नारिंगी, आरपार दिसणारे ठिपके असतात. ताई, एक जुनी झावळी खिडकीसमोर धरून बघा. पण दोन्ही एकत्रही असू शकतं. आणि आत्ता, २,१४० वर असताना, कुठलंच खत घालू नका. आधी क्षार उतरू देत.

याचमुळे अर्धवट पिवळ्या जुन्या झावळ्या कापू नयेत. झाड त्यांच्यातून पोटॅश काढून घेत असतं. ती कापली की पुढची झावळी पिवळी पडायला लागते. पूर्ण वाळलेली तेवढी देठापासून काढा. टोकं डोळ्यांना खुपत असतील तर कात्रीनं पातीच्या आकारात तिरकं कापा, पण तपकिरीची बारीक कड ठेवूनच. हिरव्यात कापलं तर तिथून पुन्हा सुकतं. आणि मधली सुरळी कधीच कापू नका. एका खोडाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की ते खोड गेलं.

मार्चमध्ये कुंडी बदलण्याबद्दल: बाहेर उन्हात असतं तर मी शिरोळकरांच्या बाजूनं असतो. घरात, सावलीत, मुळं न ओरबाडता फक्त मोठ्या कुंडीत सरकवायचं असेल तर मी आत्ताच करीन. ताटलीभर मूळ गोल फिरलंय, जूनपर्यंत आणखी तीन महिने ते झाड एसीसमोर तहानलेलं ठेवायचं का?

शिरोळ_रोपवाटिका

ठेवू नका, बुडवून पाजा म्हणतोय की. आमचं मत जूनच. ताईंनी ठरवावं.

रोहिणी_राजारामपुरी

उजेडात धरून बघितलं. अगदी खालच्या एका झावळीवर बारीक ठिपके आहेत, बाकींवर नाहीत.

मी आत्ताच करायचं म्हणतेय, कारण जूनमध्ये आम्ही इथं नसू. माती काय घ्यायची? घरी नर्सरीची लाल माती आहे, कोकोपीटची वीट आहे. भाऊजींनी कारखान्याचं प्रेसमड कंपोस्टही आणून दिलंय पोतंभर.

करवीर_हिरवळ

प्रेसमड कंपोस्ट उसाला उत्तम, पण क्षार भरपूर. या झाडाला या वेळी नको. गुलाबांना, जास्वंदीला थोडं थोडं घाला.

कुंडी १४ इंची घ्या, जास्त नको. एकदम १८ इंची घेतली तर मुळं नसलेली माती ओली राहून कुजते. मिश्रण: लाल माती दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत अर्धा भाग, आणि विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा जाड वाळू एक भाग. काळी माती अजिबात नको, ती कुंडीत लोण्यासारखी बसते. कोकोपीट नुसतं भिजवून वापरू नका. बादलीत भिजवा, फडक्यातून पिळा, ते तपकिरी पाणी टाका, असं दोन-तीनदा. स्वस्त विटांत मिठाचा अंश बराच असतो. पिळलेल्या पाण्यात पेन बुडवून बघा, म्हणजे पटेल.

लाल माती आपल्याकडची आम्ल असते, आणि आम्ल मातीत फ्लोराइड जास्त विरघळून मुळांना मिळतं. म्हणून मिश्रणात डोलोमाइटची पावडर एक मोठा चमचा, साधारण २० ग्रॅम, नीट मिसळा. त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधतं. खायचा चुना घालू नका, तो फार तीव्र. आणि पुढेही बोअरचंच पाणी द्यावं लागणार असेल तर डोलोमाइट वगळा. ते पाणी स्वतःच माती अल्कधर्मी करतं.

आदल्या दिवशी कुंडी भिजवा. कुंडीच्या भिंती बाहेरून दाबून सैल करा, झाड आडवं करून कुंडी ओढा. झाड ओढू नका. नाही निघाली तर प्लॅस्टिक कापा. नर्सरीच्या कुंडीत एक झाड नसतं, दहा-पंधरा रोपं एकत्र लावलेली असतात आणि त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. गोळा फोडू नका. तळाशी गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, वाळलेली तेवढी कापा. काठावरचा तो पांढरा थर आणि वरची दोन बोटं माती खरवडून टाका, बराचसा क्षार तिथंच बसलेला असतो.

नव्या कुंडीत गोळा आधीइतक्याच खोलीवर बसवा. कडेची फट माती घालून काठीनं हलकेच ठोसा, पोकळी राहिली तर पाणी पुन्हा तिथूनच पळेल. मग नळाचं पाणी दहा लिटर, तीन टप्प्यांत. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच.

संकेत_५५

गोळा फोडायचा नाही म्हणता, मग एकाचे दोन पाम करता येत नाहीत? व्हिडिओत तर करवतीनं मधोमध कापतात.

शिरोळ_रोपवाटिका

कापतात, आणि पुढं काय झालं ते दाखवत नाहीत. मूळ तुटलेला अरेका झावळ्या टाकून देतो. करायचंच असेल तर जूनमध्ये, निरोगी झाडावर. हे झाड आजारी आहे.

भाऊ_मिरजकर_तिकटी

आणि फवाऱ्याचं काय? मी दोन वेळा मारतो म्हटलं हुतं, त्यावर कोणच बोललं न्हाई.

करवीर_हिरवळ

भाऊ, फवाऱ्यानं पान धुतलं जातं, धूळ जाते, हे चांगलं. पण हवेतली आर्द्रता दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा जिथल्या तिथं येते. बोअरच्या पाण्यानं फवारत असाल तर पातीवर पांढरे ठिपके राहतात ते वेगळंच. खडे-पाण्याची ताटलीसुद्धा फारसं काही करत नाही.

कोल्हापूरची हवा वर्षभर कोरडी नसते. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तेव्हा कुठल्या अरेकाला कोरड्या हवेचा त्रास होणार? त्रास फेब्रुवारी ते एप्रिल, दुपारच्या वेळी, आणि एसीच्या खोलीत. म्हणून झावळीचं वय बघा. पावसाळ्यात उघडलेल्या झावळीचं टोक आधी स्वच्छ होतं आणि नंतर जळलं, की झावळी फेब्रुवारीत उघडतानाच जळक्या टोकाची आली? पहिलं असेल तर साठलेला क्षार, दुसरं असेल तर हवा. पावसात उघडलेली आणि पावसातच जळलेली असेल तर हवेला दोष देऊच नका.

हवेसाठी सगळ्यात उपयोगी काम फुकट आहे: एसीचा आणि पंख्याचा झोत झाडावरून हटवा. पातीला हात लावून उभे राहा, वारा जाणवतोय का बघा. जाणवत असेल तर जागा चुकली. याखेरीज सगळी झाडं एकत्र ठेवली तर थोडाफार फरक पडतो. आर्द्रतामापक ठेवा; तो दुपारी ४० च्या वर दाखवत असेल तर टोकांसाठी हवेला जबाबदार धरू नका.

कोरड्या हवेबरोबर कोळी कीड येते, ती मात्र तपासा. पातीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर कोळी. मग झाड बाथरूममध्ये नेऊन पातीच्या खालच्या बाजूनं शॉवर, आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे.

रोहिणी_राजारामपुरी

टिचकी मारली, ठिपके चालले नाहीत. धूळच निघाली.

पावसाळ्यातल्या झावळ्यांची टोकं दिवाळीनंतर जळायला लागली होती, तेव्हा तर हवा बरी असते. म्हणजे क्षारच. एसीची झडप वळवलीये, कुंडी आत घेतलीये. फोनवर बाराच्या सुमाराला ३,२०० लक्स दाखवतोय.

एक शंका राहिली: पिण्याच्या आरओचं टाकाऊ पाणी रोज बादलीभर निघतं. ते घालू का? आणि एसीचं?

करवीर_हिरवळ

आरओचं टाकाऊ पाणी नको, मूळ पाण्यातले क्षार त्यातच एकवटलेले असतात. पेननं मोजा, नळाच्या किती पट ते कळेल. फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते चालेल, पण एसी घाण असेल तर आधी जाळी-कॉइल धुऊन घ्या. त्यात पोषक काही नसतं म्हणून सगळंच तेच देऊ नका, नळाचं मिसळा. उन्हाळ्यात बोअर मिसळायला लागले की नळाचं पाणी पहाटे वेगळं भरून ठेवता आलं तर उत्तम.

खत जूनच्या शेवटी, निचऱ्याचा आकडा हजारच्या खाली आल्यावर. सल्फेट ऑफ पोटॅश एक ग्रॅम लिटरला, दोन लिटर, महिन्यातून एकदा. म्युरिएट नको, त्यात क्लोराइड. तुम्ही गावाला असाल तर शेजाऱ्यांना खत सांगू नका, नुसतं पाणी सांगा.

शिरोळ_रोपवाटिका

सोबत एप्सम सॉल्टही अर्धा ग्रॅम लिटरला द्या. नुसतं पोटॅश दिलं की मॅग्नेशियम मागं पडतं आणि जुन्या झावळीला रुंद पिवळी कड येते.

करवीर_हिरवळ

मिश्रणात डोलोमाइट आहे, त्यातून मॅग्नेशियम मिळतंच. मी दिलं नसतं, पण दिल्यानं बिघडणार नाही.

संकेत_५५

म्हणजे शेवटी फ्लोराइड होतं की नव्हतं?

करवीर_हिरवळ

पातीची प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय नाही सांगता येणार. सुपर फॉस्फेट गेलं असल्यानं असायची शक्यता बरीच. पण फ्लोराइड असो की बाकीचे क्षार, धुणं हाच उपाय, त्यामुळे ताईंनी तपासणीवर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

रोहिणी_राजारामपुरी

कुंडी बदलली. तळाचा गोळा अक्षरशः मुळांचाच होता, माती मूठभर निघाली. दहा लिटर घातल्यावर खालून आलेलं पाणी आधी १,८६० होतं, शेवटच्या टप्प्यात ९२०. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून इथंच टाकते. तोवर खालच्या त्या ठिपकेवाल्या झावळीला हात लावत नाही.

भाऊ_मिरजकर_तिकटी

मीबी आता टीडीएस पेन आणतो. बोअरचं पाणी मोजायलाच पायजे एकदा.